पाचवीचे अपूर्णांक आणि यूडीएल: माझ्या टाचण वहीमागच्या नोंदी

19 जुलै 2025

आज शनिवार, अर्धी शाळा, म्हणून निवांत बसून लिहितेय. गेल्या वर्षीची अपूर्णांकाची चाचणी काढून परत बघितली. 1/2 + 1/3 ला अर्ध्याहून जास्त पोरांनी 2/5 लिहिलंय. वरचे वरचे मिळवले, खालचे खालचे मिळवले, झालं. आणि मी तेव्हा काय केलं तर परत तेच फळ्यावर शिकवलं, जरा मोठ्या आवाजात.

यंदा वर्गात 31 पोरं आहेत आणि या घटकासाठी यूडीएलने, म्हणजे युनिव्हर्सल डिझाइन फॉर लर्निंगने टाचण, म्हणजे पाठाची आखणी, काढायचं ठरवलंय. डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, तिथल्या ट्रेनिंगला त्याच्यावर एक तास झाला होता, तीन रंगांचा तक्ता दाखवला आणि चहा आला. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की मूळ विचार बिल्डिंगवाल्यांचा आहे. रॉन मेस नावाचे अमेरिकन आर्किटेक्ट होते, स्वतः व्हीलचेअरवर, त्यांचं म्हणणं की इमारत आधी सगळ्यांसाठी आखा, मागाहून ठिगळं लावू नका. 1984 ला सुरू झालेल्या कास्ट या अमेरिकेतल्या संस्थेने तो विचार पुढे शिकवण्यात आणला, त्यांच्या मार्गदर्शक सूचनांची 3.0 आवृत्ती 2024 च्या जुलैत आली.

ठिगळाचं उदाहरण बघायला मला लांब जायला नको. आमच्या शाळेला रॅम्प आहे, मागाहून बांधलेला, इतका उभा की व्हीलचेअर कुणी ढकलली तरी चढणार नाही, पण पोषण आहाराची तांदळाची पोती मात्र सगळे त्याच्यावरूनच ओढून नेतात कारण पायऱ्यांपेक्षा ते सोपं जातं. म्हणजे नीट बांधला असता तर पोरांनाही झाला असता आणि पोत्यांनाही. माझे पाठ आजवर त्या रॅम्पसारखेच, आधी एकच पाठ काढायचा आणि मग शेवटी खाली एक ओळ, "दिव्यांग व अप्रगत विद्यार्थ्यांकडे विशेष लक्ष देणे". ती ओळ मी किती वर्षं लिहितेय देव जाणे.

22 जुलै

टाचणात पहिलं वाक्य असतं उद्दिष्टाचं, आणि तिथेच अडकले. मी लिहिलं होतं, "विद्यार्थी भिन्नच्छेद अपूर्णांकांच्या बेरजेची उदाहरणे वहीत सोडवतात." वाचायला ठीक आहे. पण यात दोन गोष्टी चिकटल्यात, बेरीज येणं हे ध्येय आणि वहीत सोडवणं हे साधन. यूडीएलमधलं मला सगळ्यात कामाचं वाटलं ते हेच, की आधी ध्येय आणि साधन सोडवून वेगवेगळं करा, मगच पर्याय काय द्यायचे ते ठरतं. नाहीतर पर्याय म्हणजे नुसती हौस.

मग असं लिहिलं: "छेद वेगळे असलेल्या दोन अपूर्णांकांत मोठा कोणता ते कारणासह दाखवतो, त्यांची बेरीज करतो आणि ती अपूर्णांकाच्या चिन्हात मांडतो."

शेवटचा तुकडा मुद्दाम ठेवला. म्हणजे एकेक गोष्ट धरून स्वतःला विचारत गेले की हे ध्येयात आहे का. शाब्दिक उदाहरण स्वतः वाचता येणं? नाही, हा गणिताचा घटक आहे, मी वाचून दाखवलं तरी चालेल. फळ्यावरून उतरवून घेणं? नाही. सुंदर अक्षर, पाच मिनिटांत पाच उदाहरणं? नाही. पाढे? इथे थांबले. सहाचा पाढा आला नाही तर सहा हा समान छेद सापडणार कसा. पण पाढे हे दुसऱ्या घटकाचं ध्येय आहे, या घटकात पाढ्यांअभावी कुणी अडकलं तर मला त्याचं अपूर्णांकाचं डोकं दिसणारच नाही. म्हणून पाढ्यांचा तक्ता भिंतीवर, सगळ्यांसाठी उघडा. आणि 5/6 असं लिहिता येणं, अंश वर छेद खाली? ते ध्येयातच आहे, त्याला पर्याय नाही. हाताने लिही, ठोकळ्यांवर आकडे मांड, दुसऱ्याला सांगून लिहून घे, पण चिन्हापर्यंत यावं लागेल.

टाचणाची एक ओळ लिहायला आज पाऊण तास लागला.

24 जुलै

आता अडथळे. सवयीने मी पोरांची यादी करायला बसले, अमकीला कमी दिसतं, तमका हळू लिहितो. मग लक्षात आलं की उलटं करायचंय, पोरात काय कमी आहे ते लिहायचं नसून माझ्या गेल्या वर्षीच्या पाठात काय आडवं येतं ते लिहायचंय.

तर गेल्या वर्षीचा पाठ: मी फळ्यावर खडूने गोल काढला, त्याचे तीन भाग केले. गोलाचे हाताने तीन सारखे भाग मलाच जमत नाहीत, एक भाग कायम ढेरपोट्या होतो. पोरांनी तो वहीत उतरवला, त्यांचा अजून वाकडा. मग त्या वाकड्या तिसऱ्या भागाची शेजारच्या गोलातल्या अर्ध्याशी तुलना करायची, आणि दोन्ही गोल वेगवेगळ्या मापाचे. म्हणजे जे चित्र समजायला मदत म्हणून दिलं तेच खोटं बोलत होतं. ज्या मुलीला कमी दिसतं तिला तर फळ्यावरचं काहीच नाही, पण चांगलं दिसणाऱ्यांनाही ते चित्र निरुपयोगीच होतं.

दुसरा अडथळा भाषेचा. तांड्यावरून येणारी चार पोरं आहेत, घरी गोरमाटी बोलतात. "सममूल्य", "समच्छेद", "भिन्नच्छेद" हे शब्द त्यांना परके आहेत असं मी म्हणणार होते, मग म्हणलं बाई, ते मराठी पोरांना तरी कुठे आपले आहेत.

तिसरा, उत्तराची एकच वाट. वहीत लिहायचं आणि रांगेत उभं राहून तपासून घ्यायचं. मागच्या बाकावरचा एकजण एक ओळ लिहायला इतका वेळ घेतो की तिसऱ्या उदाहरणाला घंटा होते, आणि मी त्याला 5 पैकी 2 देते. ते 2 कशाचे, गणिताचे की हाताच्या वेगाचे?

आणि एकीला पाच मिनिटांत सगळं येतं, उरलेला तास ती शेजारणीची वेणी घालते. तिच्यासाठीही पाठात काही नव्हतंच.

28 जुलै

साहित्य बनवलं. गोल बाद, पट्ट्या. 24 सेंटीमीटरची पट्टी घेतली कारण 24 ला 2, 3, 4, 6, 8, 12 सगळ्यांनी भाग जातो, म्हणजे अर्धा तुकडा 12 सेमी, तिसरा 8, पाव 6, सहावा 4, आठवा 3 आणि बारावा 2. पाचवा भाग 4.8 येतो, तो सोडून दिला, पुस्तकातली पंचमांशाची उदाहरणं नंतर बघू.

एका संचात सात पट्ट्या, एक अख्खी आणि सहा कापलेल्या. दोघांत एक म्हणून 16 संच, म्हणजे 112 पट्ट्या. जुन्या लग्नपत्रिका आणि बुटांची खोकी. सातवीच्या पोरींनी मदत केली. पहिल्या संचाला पट्टी तीन घड्या घालून कापली आणि घड्या सारख्या आल्याच नाहीत, एक तुकडा 8.5 झाला, मग सगळ्या स्केलने आखून घेतल्या. ही चूक वर्गात गेली असती तर 3 तिसरे मिळून एक अख्खं होत नाही असं पोरं शिकली असती.

कमी दिसणाऱ्या मुलीला वेगळा संच करायचा असं आधी डोक्यात होतं. तिलाच दुपारी बोलावून विचारलं. ती म्हणाली काळ्यावर पिवळं दिसतं, चकचकीत नको, लग्नपत्रिकेची सोनेरी बाजू डोळ्यावर येते. मग सगळ्याच संचांचा मॅट काळा कागद आणि पिवळे आकडे केले. शिवाय प्रत्येक तुकड्याच्या कडेला खाचा, पावाला चार, सहाव्याला सहा, हाताला लागतात. बाराव्याला दोन सेंटीमीटरच्या तुकड्यावर बारा खाचा मावेनात, तिथे नुसतं टोक तिरकं कापलं. आणि आधी मी रंगावरून ओळख ठेवणार होते, अर्धे लाल, पाव हिरवे, ते बरं झालं सोडलं, लाल-हिरवा न ओळखणारं पोर वर्गात असू शकतं आणि ते त्याला स्वतःलाही माहीत नसतं.

30 जुलै

काल नागपंचमी, आज अर्धी पोरं झोक्याच्याच गोष्टी सांगत होती. पहिला तास घेतला.

सुरुवात पुस्तकाने नाही केली, बाजाराने केली. पाव किलो, अर्धा किलो, पाऊण किलो, सव्वा, दीड. तांड्यावरची पोरं इथे सगळ्यांच्या पुढे, त्यातला एकजण आईबरोबर आठवडी बाजारात भाजी विकायला बसतो, त्याला "पावणेदोन किलोला किती" हे तोंडी येतं. त्याला 1 3/4 कधी आलं नव्हतं. फळ्यावर "पावणेदोन" आणि शेजारी 1 3/4 लिहिलं तेव्हा तो म्हणाला, "बाई, हे तेच आहे का?" मला वाटतं या घटकातला माझा सगळ्यात चांगला क्षण हाच.

एकाने 1/4 म्हणून पाव काढला, लादी पाव, बेकरीतला. वर्ग हसला, मीही हसले, मग त्याला विचारलं लादीतला एक पाव म्हणजे अख्ख्या लादीचा कितवा भाग, आणि तो मोजायला लागला.

आता या वाटेची हद्द. आपले शब्द सगळे अर्ध्या-पावाच्या घरातले आहेत. अजून खाली गेलं तर आदपाव, एका पोरीच्या आजीला नवटाकही माहीत आहे, म्हणजे आठव्या भागापर्यंत शब्द मिळतो. पण तिसऱ्या भागाला बाजारात शब्दच नाही. तिथे "एक तृतीयांश" किंवा नुसतं "तिघांत एक". म्हणून बाजाराची भाषा ही दार उघडायला, आत जायला पट्ट्या. दोन्ही सारख्याच कामाच्या असं धरून चालले असते तर 1/3 ला येऊन आपटले असते.

पट्ट्यांनी तुलना: 1/8 मोठा की 1/4. पट्ट्या हातात यायच्या आधी हात वर करायला सांगितलं, 14 जणांनी 1/8 म्हणलं, कारण आठ मोठे. मग तुकडे शेजारी ठेवले. कुणी काही बोललं नाही, एक पोरगा फक्त "अरेच्चा" म्हणाला.

1 ऑगस्ट

आज फसलं, नीट लिहून ठेवते.

एकच गोष्ट अनेक रीतींनी मांडा, हे मी फार मनावर घेतलं. एका तासात 1/2 + 1/3 पट्ट्यांनी दाखवलं, मग व्हरांड्यात 24 गाठींची दोरी लावून त्याच्यावर पोरांना चालवलं, मग आत आणून फळ्यावर पायऱ्या लिहिल्या. पोरांना मजा आली. शेवटी विचारलं तर त्यांच्या लेखी या तीन वेगळ्या गोष्टी होत्या, पट्टीचा खेळ, दोरीचा खेळ आणि गणित. दोरीवर विसाव्या गाठीवर उभं असलेल्या मुलीला मी विचारलं आता वहीत काय लिहिशील, ती म्हणाली वीस.

मांडणीच्या रीती वाढवल्या की त्यांच्यात पूल बांधायचं काम आपोआप होत नाही, उलट वाढतं. हे तक्त्यात एका ओळीत असेल कदाचित, पण मला व्हरांड्यात कळलं.

दुपारच्या तासाला परत घेतलं, फक्त पट्ट्या आणि फळा, आणि एकेक पायरी दोन्हीकडे बरोबरच. अर्धा तुकडा ठेवा, त्याच्यापुढे तिसरा भाग जोडा. किती लांब? 12 आणि 8, वीस सेंटीमीटर. आता एकाच मापाच्या तुकड्यांनी ही लांबी बरोब्बर भरायची, मध्ये फट नको, बाहेर आलेलं नको. पावाचे तुकडे लावले, तीन लावले तर 18, चार लावले तर 24, नाही बसत. आठवे, सहा लावले तर 18, सात लावले तर 21, नाही. सहावे, पाच लावले, बसले. फळ्यावर त्याच वेळी लिहिलं, अर्ध्यात सहावे किती, तीन, 1/2 = 3/6. तिसऱ्यात किती, दोन, 1/3 = 2/6. मिळून 5/6. समान छेद म्हणजे दोन्हीत बरोब्बर बसणारा तुकडा. ही व्याख्या पोरांनीच केली, मी फक्त "समच्छेद" हा शब्द तिच्या शेजारी लिहिला.

एका जोडीने बारावे लावले, दहा बसले, 10/12. शेजारचे ओरडले चूक चूक. चूक नाही. पाच सहावे आणि दहा बारावे शेजारी ठेवायला लावले, सारखेच. सममूल्य अपूर्णांक परवा शिकवायचे होते, ते आजच येऊन बसले.

आणि 2/5 चं काय? पंचमांश तुकडा माझ्याकडे नाही, पण गरज पडली नाही. वेणीवाली म्हणाली, "पाचातले दोन म्हणजे अर्ध्यापेक्षा कमी. अर्ध्यात अजून घातलं तर कमी कसं होईल?" तिचं हे वाक्य मी तक्त्यावर लिहून लावलंय.

4 ऑगस्ट

उत्तर द्यायचे पर्याय. पहिल्या दिवशी सहा दिले: वहीत सोडव, पट्ट्या मांडून सांग, पोस्टर कर, गोष्ट लिही, नाटुकलं कर, शेजाऱ्याला शिकव. निवडण्यातच वीस मिनिटं गेली. अकरा जणांनी पोस्टर घेतलं, पोस्टरवर फुलं आली, बॉर्डर आली, "गणित माझा मित्र" आलं, अपूर्णांक एका कोपऱ्यात एक, तोही शेजारच्याचा बघून. नाटुकल्यात दुकानदार होता आणि गिऱ्हाईक होतं, बेरीज नव्हती.

पर्याय वाईट नव्हते, पण त्यांच्यात ध्येय दिसायला जागाच नव्हती. पोस्टरमध्ये बेरजेचं कारण कुठे लिहिणार? मग तीनच ठेवले. वहीत पायऱ्यांनी सोडवणं, पट्ट्या मांडून तोंडी सांगणं (जोडीदार चिन्हात लिहून घेतो), किंवा स्वतःचं शाब्दिक उदाहरण बनवून ते सोडवणं. आणि तिन्हींत तेच चार प्रश्न: कोणता समान छेद घेतला आणि का, दोन्ही अपूर्णांक त्यात कसे बदलले, उत्तर चिन्हात काय, आणि उत्तर अर्ध्याहून किंवा एकाहून मोठं येणार हे आधीच कसं कळलं. वाट कुठलीही घे, या चार ठिकाणी थांबावंच लागेल. पोस्टरवाल्यांना मी म्हणलं पोस्टरही चालेल, चार प्रश्नांची उत्तरं त्यात असतील तर, कुणीच नाही घेतलं.

7 ऑगस्ट

जोडीदाराने लिहून घेण्यात घोळ. मागच्या बाकावरचा पोरगा तोंडी सांगत होता "तीन आठवे आणि पाव, म्हणजे चार बारावे", आणि त्याच्या शेजारणीने त्याच्याकडे बघितलंही नाही, सरळ 5/8 लिहून टाकलं. वही बघून मी त्याला शाबासकी दिली असती. ऐकत होते म्हणून कळलं. आता नियम केलाय, लिहिणारा ऐकलं तेच लिहील, चूक वाटली तरी, आणि सांगणारा शेवटी स्वतः वाचून किंवा ऐकून "हो हेच" म्हणेल. बोर्डाच्या परीक्षेतल्या लेखनिकालाही हेच बंधन असतं.

मोबाइलवर रेकॉर्ड करून बघितलं. प्रत्येकी दोन मिनिटं धरली तरी 31 जणांचे 62 मिनिटं, रात्री कोण ऐकणार. दिवसाला सहा जण, प्रत्यक्ष समोर बसून, बाकीचे तेवढ्यात वहीत. असं आठवड्यात सगळे होतात.

मधल्या सुट्टीत सातवीच्या सरांशी वाद झाला. ते म्हणाले, "तुम्ही वाचून दाखवता, वेळ वाढवून देता, उद्या पेपरात कोण देणार?" प्रश्न खरा आहे. मी म्हणलं सर, पाचवीला शिकता शिकता होणारं आकारिक मूल्यमापन 50 गुणांचं आणि सत्राच्या शेवटचं संकलित 50 गुणांचं, संकलितमध्येही 10 तोंडी-प्रात्यक्षिक आणि 40 लेखी. म्हणजे निम्म्याहून जास्त जागा आपल्याच हातात आहे, तिथेही आपण लेखीच घेतो ही आपली सवय, नियम नाही. आकारिकची आठ साधनं आहेत, त्यात तोंडी काम आहे, प्रात्यक्षिक आहे, उपक्रम आहे, प्रकल्प आहे. नोंदवहीत आपण आठही रकाने भरतो आणि मनात एकाच चाचणीवरून सगळे गुण वाटतो, हे सरांनाही पटलं, हसले.

पण त्यांचं अर्धं बरोबर आहे. ज्यांना दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आहे त्यांना मोठ्या परीक्षांत तासाला 20 मिनिटं जादा वेळ, लेखनिक मिळतो. हळू लिहिणाऱ्या पोराकडे काहीच प्रमाणपत्र नाही, आणि त्याला 40 गुणांची लेखी द्यायचीच आहे. म्हणून ठरवलं, वाट निवडायची मुभा शिकताना, पण घटक संपेपर्यंत प्रत्येकाने निदान दोन उदाहरणं लेखी पायऱ्यांनी करायची, आणि ज्यांना लेखी सोपं जातं त्यांनी निदान एकदा पट्ट्या मांडून बोलायचं.

12 ऑगस्ट

आसपासच्या शाळांचं जे केंद्र असतं त्याच्या शिक्षण परिषदेत मी हे सांगितलं. एक बाई म्हणाल्या, "म्हणजे कोण दृश्य, कोण श्राव्य, कोण कृतीवाला ते ओळखून तसं शिकवायचं ना?" नाही. हा घोळ सगळीकडे आहे. पोराला असा शिक्का मारून त्या पद्धतीने शिकवलं तर जास्त शिकतं याला संशोधनात पुरावा सापडलेला नाही. आणि यूडीएलमध्ये शिक्का पोरावर नसतोच, तोच पोरगा तुलनेला पट्ट्या मागतो आणि बेरजेला वही. माझ्या वर्गात 30 तारखेला आणि 4 तारखेला निवडलेल्या वाटा अर्ध्या पोरांच्या वेगळ्या होत्या.

19 ऑगस्ट

काल चाचणी घेतली. चारच प्रश्न. 3/4 आणि 5/6 मध्ये मोठा कोणता. 2/3 + 1/4. 3/8 + 1/4. आणि सकाळी अर्धा लिटर, संध्याकाळी पाऊण लिटर दूध घातलं तर एकूण किती. कागद सगळ्यांना एकच, ठळक मोठ्या टायपात, एका पानावर दोनच प्रश्न, खाली जागा. हात वर करेल त्याला प्रश्न वाचून दाखवला. 30 ऐवजी 40 मिनिटं, सगळ्यांनाच. पट्ट्या टेबलावर, लागतील त्याने न्याव्यात. कमी दिसणाऱ्या मुलीला वेगळा पेपर द्यावा लागला नाही आणि तिने शेजारणीपेक्षा आधी दिला.

2/5 सारखी चूक, म्हणजे वर-वर खाली-खाली, पाच जणांची राहिली. गेल्या वर्षीपेक्षा कमी, पण पोरंही वेगळी आहेत, त्यामुळे त्यावर मी उड्या मारणार नाही.

खरी माहिती मिळाली ती दोन वाटांची उत्तरं शेजारी ठेवल्यावर. त्या पाचांतल्या दोघांनी गेल्या आठवड्यात पट्ट्या मांडून 2/3 + 1/4 = 11/12 माझ्यासमोर बरोबर केलं होतं, कारणासकट. कागदावर 3/7. म्हणजे त्यांना तोंडी परीक्षा घेऊन पूर्ण गुण देऊन मी गप्प बसले असते तर पर्याय देण्याच्या नावाखाली एक भोक झाकलं असतं. समज आहे, चिन्हाशी जोड नाही. चिन्ह ध्येयात ठेवलं होतं म्हणून हे सापडलं. या दोघांना उद्यापासून पट्टीखाली पांढरा कागद, मांडलेल्या प्रत्येक तुकड्याच्या खाली लगेच आकडा लिहायचा.

उलटा नमुना पण आहे. एकजण ट्यूशनला जातो, तिथे तिरका गुणाकार शिकवलाय. 3/8 + 1/4 ला त्याने लिहिलं (12 + 8)/32 = 20/32. बरोबर आहे. विचारलं, हे अर्ध्याहून जास्त की कमी? गप्प. पट्ट्यांवर दाखव म्हणलं तर आठवे आणि पाव जोडून बघत बसला, पावाच्या जागी दोन आठवे चालतात हे त्याला सुचलं नाही. लेखी पाहिलं तर वर्गात पहिला. 4 तारखेच्या त्या चार प्रश्नांतल्या पहिल्याचं आणि शेवटच्याचं उत्तर त्याच्याकडून घ्यायचं राहिलं असतं, फक्त वही बघितली असती तर.

आणि दुधाचा प्रश्न. भाजीवाल्याने क्षणात तोंडी सांगितलं, "सव्वा". एकदम बरोबर. पण हे त्याला अपूर्णांकाच्या बेरजेने आलं की बाजाराने? दोन्ही चांगलंच, पण मला जे मोजायचंय ते कोणतं? म्हणून त्याला विचारलं, अर्धा आणि एक तृतीयांश लिटर असतं तर? तो थांबला, पट्ट्या ओढल्या, सहावे शोधले, 5/6 म्हणाला. मग नोंद केली. पुढच्या वर्षी दुधाच्या प्रश्नात पाव-पाऊण घालणार नाही, किंवा घातला तर शेजारी तिसऱ्या भागाचाही एक घालेन.

वर्णनात्मक नोंदी लिहिताना यंदा हात अडला नाही. नेहमी "गणितात प्रगती चांगली" लिहिते. आज एकीच्या पुढे लिहिलं, "समान छेद पट्टीने शोधते, पायऱ्या लिहिताना दुसरा अपूर्णांक बदलायला विसरते."

21 ऑगस्ट

पुढचा घटक मराठीतला, पत्रलेखन. टाचणाला बसले आणि पहिल्याच ओळीला कळलं की इथे सगळं उलटं फिरणार. गणितात लिहिणं हे साधन होतं म्हणून त्याला पर्याय दिले, इथे लिहिणं हेच ध्येय. पत्र तोंडी सांगून भागणार नाही. पर्याय कुणाला पत्र लिहायचं त्यात देता येतील, मामाला, ग्रामसेवकांना की ऊसतोडीला गेलेल्या मैत्रिणीला. आधी मुद्दे तोंडी जुळवून घ्यायचे, मायन्याचा नमुना समोर ठेवायचा, हळू लिहिणाऱ्याने दोन दिवसांत चार-चार ओळी लिहायच्या, हे चालेल. पण शेवटी कागदावर त्याचंच वाक्य हवं. लेखनिक इथे बाद. म्हणजे मागच्या बाकावरच्याला गणितात जे दिलं ते इथे काढून घ्यायचं, आणि ते त्याला का काढलं हे आधी समजावून सांगायला हवं, नाहीतर त्याला वाटेल बाई रागावल्या.

कमी दिसणारी मुलगी दुपारी येऊन म्हणाली, खिडकीच्या उजेडाने काळ्या पट्टीवरही चमक येते, जागा बदलून द्या. हे मी विचारायला हवं होतं, महिना गेला. दिली, आता ती दाराजवळ.

उद्या पोळा, शाळा नाही. पट्ट्यांचे डबे मोजले, आठव्याचे सात तुकडे कमी आहेत, तीन बाराव्याचे. वेणीवालीच्या दप्तरात दोन सापडले, ती म्हणाली घरी धाकट्या भावाला दाखवत होते. बाकीचे सोमवारी कापते, खोकं आहे अजून एक.